निरोप्याचा निरोप



आपल्या मराठीत 'निरोप' हा शब्द दोन कामे करतो. दूरच्या माणसाकडून आलेला सांगावा म्हणजे निरोप आणि दूर निघालेल्या माणसाला दोन पावले पोचवून येणे म्हणजेही निरोप. जन्मभर पहिला निरोप वाहणाऱ्या एका माणसाला गावाने दुसरा निरोप कसा दिला, हे आज तुम्हाला सांगायचे आहे. ३१ मे २०२४ हा तो दिवस, वार शुक्रवार. आमच्या वाघोलीच्या पोस्टमनची त्या दिवशी शेवटची फेरी होती. आम्ही दोघे एकाच भजनी मंडळात बसतो. मी निवृत्त शिक्षक, हाताशी वेळ भरपूर. म्हणून त्या दिवशी त्यांच्यामागे चालत गेलो.

त्यांचे नाव इथे लिहीत नाही. लिहू नका असे त्यांनीच सांगितले आहे. तसे गावात त्यांना नावाने हाक मारणारे थोडेच. म्हाताऱ्यांचे ते पोस्टमनदादा आणि पोरांचे पोस्टमनकाका.

१९८३ साली ते या कामाला लागले. तेव्हा अशा माणसांना 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' म्हणत, पुढे 'ग्रामीण डाकसेवक' हे नाव आले. नाव बदलले तरी रीत बदलली नाही. कागदावर काम दिवसाला चार-पाच तासांचे. पोट भरण्यासाठी दुसरे काही साधन असलेच पाहिजे, अशी नेमणुकीची अटच. यांना दोन एकर कोरडवाहू जमीन होती. पासष्टाव्या वर्षी काम संपते आणि नेहमीच्या पोस्टमनला मिळते तशी पेन्शन यांना मिळत नाही. रजा सहामाहीला दहा दिवस. रजेवर जायचे तर आपल्या जागी बदली माणूस आपणच उभा करायचा आणि त्याने काही घोळ केला तर तोही निस्तरायचा.

माउली, तुमच्या ध्यानात आले असेल. आळंदीहून पंढरपूर म्हणजे अठरा-एकोणीस दिवसांची वाट. आळंदी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, लोहगाव हे तुकोबांचे आजोळ तर शेजारचेच गाव. असे असून हा माळकरी माणूस एकेचाळीस वर्षांत एकदाही पायी वारी पुरी करू शकला नाही. पुण्यापर्यंत जायचा, फार तर दिवेघाट चढायचा आणि वरून पालखीला हात जोडून परत फिरायचा. "बदली देता येतो हो," ते म्हणायचे, "पण बदल्याला खाणीवरची माणसं सापडत नाहीत." या वाक्याचा अर्थ मला त्या शेवटच्या दिवशी उमगला.

सकाळी टपालाची थैली आली तेव्हा त्यांच्या जागी नेमलेली मुलगी आधीच येऊन बसली होती. परभणीकडची, बावीस-तेवीस वर्षांची. ही नेमणूक दहावीच्या गुणांवर होते, त्यामुळे मुलगी हुशार होती यात शंका नाही. तिने थैलीतली पत्रे भराभर वेगळी केली. साधे टपाल एकीकडे, सहीचे रजिस्टर आणि स्पीड पोस्ट दुसरीकडे. मग साधी पत्रे पत्त्यावरच्या घरनंबरानुसार लावून तिने गठ्ठा दादांपुढे ठेवला.

दादांनी गठ्ठा हातात घेतला आणि काही न बोलता पुन्हा लावू लागले. तिला वाटले, आपले काही चुकले. ते म्हणाले, "चुकलं नाही, बाळ. तू नंबरानं लावलंस, मी पायानं लावतो." गावठाणात सतरा नंबरच्या शेजारी अठरा नंबर असेलच असे नाही. भाऊ वाटे झाले, घरे फुटली, मागच्या गल्लीत दुसरे दार निघाले. नंबराने चालले तर त्याच गल्लीत तीनदा यावे लागते. म्हणून जे दार आधी लागते त्याचे पत्र वर. तिने आपली वही काढली आणि दारांचा क्रम लिहून घेऊ लागली. ती वही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भरत गेली.

पहिले दार वाघेश्वराच्या देवळामागचे. घरात एक नव्वदीच्या आसपासच्या काकू. त्यांचे यजमान फौजेत होते. ते आता नाहीत. पण फौजेतल्या दिवसांत त्यांची दर महिन्याला मनिऑर्डर येई. ज्यांनी मनिऑर्डर पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाठवणाऱ्याने शंभर रुपयांना पाच रुपये हशील भरायचे. तो फॉर्मच टपालाने गावाच्या पोस्टात येई. पोस्टमन घरी येऊन सही किंवा अंगठा घेई, अंगठा असेल तर साक्षीदाराची सही घेई आणि रोख पैसे मोजून देई. फॉर्मच्या खालच्या टोकाला एक चिमुकले कुपन असे. त्यावर दोन ओळींचा मजकूर लिहायला जागा असे आणि ते कुपन घरच्यांना ठेवता येई. २००८ पासून मनिऑर्डरी संगणकावरून जाऊ लागल्या. तेव्हा पैसे लवकर पोचायला लागले, पण कुपनावर हाताने लिहिणे गेले. ठरीव मजकुरांच्या यादीतला एक आकडा निवडायचा एवढेच उरले.

काकूंनी ती जुनी कुपने तारेला टोचून ठेवली आहेत. आम्हाला वाटले, त्या कुपनांबद्दल आभार मानतील. त्यांनी कुपनांचा विषयसुद्धा काढला नाही. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही दारावरून जाताना रोज 'आज नाही, काकू' म्हणत होतात. आधीचे पोस्टमन नुसते पुढे निघून जायचे. मग मला वाटायचं, असेल पत्र, पण गठ्ठ्यात राहून गेलं असेल. सारा दिवस तेच डोक्यात. तुम्ही 'आज नाही' म्हटलंत की मी भाकरी थापायला बसायची."

दादा हसले. त्यांना हे आठवतही नव्हते. बाहेर पडल्यावर ते मुलीला म्हणाले, "हे मी काही ठरवून केलं नव्हतं गं. ओट्यावर उभं असलेलं माणूस दिसायचं, म्हणून बोलायचो." मुलीने वहीत लिहिले: पत्र नसले तरी सांगून जाणे.

इथे मला तुकोबांची आठवण झाली. गाथेत पंढरीनाथाला पाठवलेल्या पत्राचे अभंग आहेत, हे तुम्ही जाणताच. स्वतः जाता आले नाही तेव्हा तुकोबांनी ते पत्र वारकऱ्यांच्या हाती दिले आणि ते परत येईपर्यंत त्यांच्या वाटेकडे डोळे लावले. पत्र पाठवल्यावर वाट पाहणे काय असते हे त्या अभंगांतून कळते. त्या वेळी पोस्टमन कोण होते? दिंडीतली चालणारी माणसेच. टपाल आणि वारी यांची पायवाट एकच होती, असे मला त्या गल्लीतून चालताना वाटले.

दुसरे दार एका शेतकरी कुटुंबाचे. जमीन आता बरीचशी विकली गेली, जागेवर इमारती आल्या. पण जुने घर तसेच आहे. घरातले थोरले, माझ्याच वयाचे, दारात उभे होते. त्यांनी जे सांगितले ते समजण्यासाठी जुनी एक रीत आठवावी लागेल. शुभकार्याच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावत आणि कोणी गेल्याचे कळवायचे तर कार्डाचा कोपरा फाडत. असे कार्ड घरात ठेवायचे नसे. वाचले की फाडून टाकायचे. म्हणजे पोस्टमनला एक अक्षर न वाचताही हातातले कार्ड कशाचे आहे हे कळत असे.

१९८९ मधली गोष्ट. कोपरा फाटलेले कार्ड घेऊन दादा या दारी आले, तेव्हा पंगत बसली होती. घरच्या सुनेचे माहेर त्या कार्डावर लिहिलेले होते. ती वाढत होती आणि वाढून झाल्यावर तिचे जेवण व्हायचे होते. नियम एवढेच सांगतो की ज्याचे टपाल त्याला द्यावे. जेवण झाल्यावर द्यावे की आधी द्यावे, हे नियमात नाही. दादा ओट्यावर बसून राहिले. कोणी विचारले तर म्हणाले, "ऊन लागलंय, थोडं टेकतो." तिचे जेवून झाले, हात धुतले, मग त्यांनी कार्ड तिच्या सासऱ्यांच्या हाती दिले.

थोरले म्हणाले, "तिचे वडील गेले होते. माहेरी पोचेपर्यंत आणि पुढं दोन दिवस तिच्या पोटात अन्न गेलं नाही. ती शेवटपर्यंत म्हणायची, पोस्टमननं मला त्या दिवशी जेवू दिलं." ती सून म्हणजे त्यांची पत्नी. चार वर्षांपूर्वी वारल्या. त्यांच्या वतीने आज ते आभार मानत होते.

मुलीने विचारले, "काका, पण उशिरा दिलं म्हणून तक्रार झाली असती तर?" दादा म्हणाले, "त्याच दिवशी दिलं, त्याच फेरीत दिलं. पत्र दाबून ठेवलं असतं, दुसऱ्या दिवसावर टाकलं असतं, तर गुन्हा होता. तेवढं कधी करू नकोस. कितीही वाईट बातमी असली तरी ती आपली नाही, ज्याची आहे त्याला द्यायची. अर्धा तास मात्र आपल्या हातात असतो."

या दाराशी त्यांना शाल द्यायला काढली होती. ती त्यांनी घेतली नाही. दिवाळीची पोस्तसुद्धा त्यांनी कधी कोणाकडून घेतली नव्हती. "दप्तर अजून खांद्यावर आहे," ते म्हणाले. "ते जमा झालं की मी तुमच्यासारखाच गावकरी. मग काय द्यायचं ते द्या." पाणी मात्र प्रत्येक दारी प्यायले.

नगर रस्ता ओलांडला की वेगळी वाघोली सुरू होते. जून २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेले. पण शहर त्याच्या बरेच आधी येऊन पोचले होते. उंच इमारती, फाटकावर पहारेकरी, नोंदवही. पोस्टमनला वर सोडत नाहीत. साधी पत्रे खालच्या पेट्यांत टाकायची आणि सहीचे टपाल असेल तर माणसाला फोनवरून खाली बोलवायचे. माणूस कामावर असेल तर सूचनेची चिठ्ठी ठेवायची. टपाल सात दिवस पोस्टात थांबते आणि कोणी आले नाही तर पाठवणाऱ्याकडे परत जाते. रोज एवढेच केले तर नियमाने काम पुरे होते. पण रात्रपाळी करणारी, चिठ्ठी न पाहणारी, घर बदललेली माणसे इतकी असतात की परत जाणारा गठ्ठा फुगत जातो. दादा सहाव्या दिवशी त्या गठ्ठ्यातून एकदा हात फिरवत. पासपोर्ट, बँकेचे कार्ड, नोकरीचे पत्र असे काही दिसले की त्या इमारतीत दुसऱ्या वेळेला, संध्याकाळी, जाऊन येत. ही जादा फेरी त्यांच्या कामाच्या तासांत कुठेच धरली जात नव्हती.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्या दिवशी त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. तोही आता वाघोलीत जुना झालेला, मूळचा बिहारचा. त्याने नोंदवही पुढे केली आणि म्हणाला, "आज सही करा, रोज तर मीच तुमचं नाव लिहितो." दादांनी सही केली. आभाराचा एक शब्द कोणी बोलले नाही. तरी मुलीने त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

आता खाणीकडे. वाघोलीच्या दगडखाणींनी पुण्याच्या कितीतरी इमारतींना खडी पुरवली. त्या खाणींवर वडार समाजाची माणसे आली, मराठवाड्यातून दुष्काळात निघालेली कुटुंबे आली. त्यांना पत्ता असा नव्हताच. पाकिटावर नाव, 'दगडखाण, वाघोली' आणि पिन ४१२२०७. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. त्या सहा आकड्यांनी पत्र कलकत्त्याहून निघाले तरी वाघोलीच्या पोस्टापर्यंत बिनचूक येते. पहिले तीन आकडे कोणत्या मुलखात, कोणत्या जिल्ह्याच्या बाजूला हे सांगतात आणि शेवटचे तीन कोणते पोस्ट हे सांगतात. त्याच्या पुढे आकडा नाही. पुढे पोस्टमनच. त्याला ते नाव माहीत नसेल तर पाकिटावर 'पत्ता अपुरा' असा शेरा पडतो आणि पत्र आल्या वाटेने परत जाते.

खाणीच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. त्यातल्या एका खोलीत एक आजी एकट्या राहतात. चाळीस वर्षे त्यांनी खडी फोडली. नवरा गेला, मुलगा कामासाठी कुठे गेला त्याचा पत्ता नाही. त्यांना संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला पंधराशे रुपये मिळतात. ते बँकेच्या खात्यात जमा होतात. बँक लांब, रांग मोठी आणि आजींना चालवत नाही. पण खाते कोणत्याही बँकेत असले तरी ते आधारला जोडलेले असेल, तर पोस्टमन आपल्या यंत्रावर बोटाचा ठसा घेऊन घरच्या घरी रोख पैसे देऊ शकतो. २०१८ साली टपाल खात्याची पेमेंट बँक सुरू झाली, त्यानंतर ही सोय आली. आजींसाठी ती फार मोठी होती. अडचण एकच. आजींचे बोट उठत नाही.

माउली, हे जरा समजून घ्या, कारण तुमच्याही गावात अशी माणसे आहेत. ठसा म्हणजे कातडीवरच्या बारीक रेघा. दगड, माती, चुना, भांडी घासायची राख यांत आयुष्य गेले की त्या रेघा झिजून सपाट होतात. यंत्राला रेघ दिसत नाही आणि ते 'जुळत नाही' असे सांगते. पैसे त्या माणसाचेच आणि समोर बसलेले माणूसही तेच. तरी त्याचेच बोट साक्ष द्यायला नकार देते. दोनदा असे झाले की पोस्टमन 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून जातो आणि माणूस मान हलवतो.

दादांनी ही गोष्ट सोडून दिली नाही. आधार काढताना दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात आणि त्यांतले कोणतेही एक जुळले तरी चालते. हे कळल्यावर ते एकेक बोट तपासू लागले. त्यांच्या ध्यानात आले की हातोडा धरणारा अंगठा आणि तर्जनी आधी जातात, दगड धरून ठेवणाऱ्या हाताचा अंगठाही जातो, पण अनामिका आणि करंगळी त्यातल्या त्यात वाचतात. बोट आधी धुवायचे, कोरडे पुसायचे. कातडी फार रखरखीत असेल तर किंचित ओल द्यायची; फार ओल झाली तरी ठसा बिघडतो. काचेवर बोट जोराने दाबले की उरल्या-सुरल्या रेघाही सपाट होतात, म्हणून अलगद आणि सपाट टेकवायचे. अशा रीतीने त्यांनी खाणीवरच्या चौदा म्हाताऱ्या माणसांपैकी प्रत्येकाचे कोणते बोट लागते हे शोधून काढले होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, फक्त त्यांच्या डोक्यात होते. बदली माणूस आला की यंत्र हातात असूनही पैसे का निघत नाहीत, हे आता मला कळले.

आम्ही पोचलो तेव्हा आजी दारातच बसल्या होत्या. दादांची शेवटची फेरी आहे हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. त्यांनी आभार मानले नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "दादा, तुमी गेल्यावर माझं बोट कुणाला गावंल?"

दादा खाली बसले आणि यंत्र मुलीच्या हातात दिले. "ही घेईल. डाव्या हाताची अनामिका."

मुलीने आजींचा हात धुतला, ओढणीने पुसला, अनामिका काचेवर टेकवली. जुळले नाही. पुन्हा टेकवली. पुन्हा नाही. माझ्या मनात आले, आता दादा यंत्र आपल्याकडे घेतील. त्यांनी हात पुढे केला नाही. ते म्हणाले, "थांब. आधी शिल्लक बघ." कारण असे की कधी कधी व्यवहार मध्येच अडकतो, खात्यातून रक्कम वजा झालेली दिसते आणि हातात काही येत नाही. अशा वेळी घाईने पुन्हा ठसा घेतला तर गोंधळ दुप्पट होतो. आणि एखादा लबाड माणूस 'बोट लागलं नाही' म्हणत दोनदा पैसे काढून एकदाच देऊ शकतो. म्हणून दर खेपेला किती शिल्लक होती आणि किती उरली हे मोठ्याने वाचून सांगायचे, अशी त्यांची शिस्त. शिल्लक बघायलाही ठसा लागतो. मुलीने या वेळी आजींचा हात आपल्या तळहातावर घेतला, क्षणभर तसाच धरून ऊब दिली आणि मग अनामिका नुसती ठेवली, दाबली नाही.

ठसा जुळला. शिल्लक जशीच्या तशी होती. मग त्याच बोटाने पैसे निघाले. पंधराशे रुपये तिने मोजून आजींच्या हातात दिले आणि उरलेली शिल्लक मोठ्याने वाचून दाखवली. आजींनी नोटा कनवटीला लावल्या, मग दादांच्या आणि त्या मुलीच्या तोंडावरून हात फिरवून बोटे कानशिलावर मोडली. त्यांचा एकही ठसा यंत्राला सहज दिसत नव्हता. पण त्या दहाही बोटांचा कडकडाट आम्हा तिघांना ऐकू आला.

त्यानंतर दोन तास आम्ही खाणीवर होतो. चौदा घरे, चौदा माणसे. दादा सांगत होते आणि मुलगी लिहीत होती: नाव, कितवी खोली, कोणता हात, कोणते बोट. एका आजोबांची दहाही बोटे गेलेली आहेत. त्यांना आधार केंद्रावर नेऊन ठसे पुन्हा नोंदवून आणायचे आणि तोवर रिक्षाने बँकेत नेऊन फॉर्मवर पैसे काढायचे, असेही तिने लिहून घेतले. माझ्या डोळ्यांदेखत त्या वहीत चार पाने भरली. एकेचाळीस वर्षांच्या कामातले हस्तांतर करण्याजोगे जे होते, ते त्या चार पानांत आले असे मला वाटते. थैली, शिक्का, यंत्र यांची यादी खात्याकडे असते. या पानांची नव्हती.

चार वाजून गेल्यावर दादांनी हिशेब दिला, न दिलेली दोन पत्रे शेरा मारून परत केली, दप्तर जमा केले आणि पावतीवर सही घेतली. मग मात्र त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला. वाघेश्वराच्या देवळापुढे गावठाणातली माणसे जमली होती, इमारतीतली पाच-सहा तरुण माणसेही आली होती. कोणी बोला म्हणाले. दादा एवढेच बोलले: "तुमची पत्रं मी कधी उघडली नाहीत. कोणाच्या घरात काय आहे हे मला कळलं असेल तर ते पाकिटावरून कळलं आणि तिथंच राहिलं. काही राहून गेलं असेल तर माफ करा." मग खाली बसले. आम्ही भजनाला सुरुवात केली.

२९ जूनला माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान झाले. या वेळी दादा दिवेघाटावरून परतले नाहीत. सासवड, जेजुरी, वाल्हे करीत आम्ही लोणंदला आलो. चालण्याची सवय त्यांना आमच्यापेक्षा जास्त. पण खांद्यावर दप्तर नसल्याने तोल जातो म्हणत आणि रिकाम्या खांद्यावर पडशी घेत. लोणंदच्या मुक्कामात दुपारी त्यांचा फोन वाजला. ती मुलगी बोलत होती. गर्दीत ऐकू येईना म्हणून दादांनी आवाज मोठा केला, त्यामुळे मीही ऐकले.

"काका, आजींचे पैसे दिले. डावी अनामिका लागलीच नाही या वेळी. चारदा बघितलं. मग एकेक करून सगळी बोटं घेतली. उजव्या हाताची करंगळी लागली. वहीत तसं लिहून ठेवलंय."

दादांनी फोन ठेवला. "मला उजवी करंगळी कधी सुचलीच नाही," ते म्हणाले आणि पंक्तीला पान मांडायला उठले.